मोठेपणी आळशी डोळ्याची नजर सुधारते का, आणि कोणाची

प्रश्न: वय 33, नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात कामाला आहे. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, उजवा व्यवस्थित आहे. शाळेत असताना सांगितले होते की आता वय निघून गेले, काही होणार नाही. हल्ली कॉम्प्युटरवर गेम खेळून मोठ्या माणसांचीही नजर परत येते अशी जाहिरात पाहिली. पॅकेज बरेच महाग आहे. खरेच फरक पडतो का, की पैसे वाया जातील?

उत्तर:

काही प्रौढांची नजर खरोखर सुधारते. सुधारणा झालीच तर ती साधारणपणे तक्त्यावरच्या एक ते तीन ओळींची असते आणि डोळा अगदी दुसऱ्या डोळ्याच्या बरोबरीला येणे क्वचितच घडते. पॅकेज घ्यावे की नाही याचा विचार मात्र त्यानंतरचा आहे. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. डोळा कोणत्या कारणाने आळशी राहिला, ही पहिली. त्या डोळ्याचा पूर्ण नंबर थेंब घालून काढून तो चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स सलग काही महिने कधी वापरली होती का, ही दुसरी. माझ्याकडे नाशिक, निफाड, सिन्नर भागातून या तक्रारीने येणाऱ्या प्रौढांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असते. त्यामुळे मी खाली मुख्यतः अशाच डोळ्याबद्दल लिहितो, म्हणजे ज्याचा नंबर दुसऱ्या डोळ्यापेक्षा बराच जास्त होता आणि तो लहानपणी कोणाच्या लक्षात आला नाही किंवा चष्मा दिला तरी वापरला गेला नाही. मोठेपणी सुधारण्याची सर्वांत जास्त शक्यता याच प्रकारात असते.

आधी बिघाड नेमका कुठे असतो ते पाहू. आळशी डोळ्याची काच, भिंग, पडदा आणि नस तपासणीत निरोगी दिसतात. लहानपणी त्या डोळ्याकडून मेंदूला सतत धूसर चित्र मिळाले, दुसऱ्याकडून स्पष्ट मिळाले, आणि मेंदूच्या दृष्टीच्या भागाने स्पष्ट चित्राच्या बाजूने आपली जोडणी पक्की केली. धूसर चित्र मिळण्याचे कारण तीनपैकी एक असते: दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, तिरळेपणा, किंवा जन्मजात मोतीबिंदू अथवा खाली आलेली पापणी अशासारखा अडथळा. काही जणांत पहिली दोन कारणे एकत्र असतात. जन्मजात अडथळ्याने आळशी राहिलेला डोळा सर्वांत हट्टी असतो, तिरळेपणाचा त्याखालोखाल.

‘आता वय गेले’ हे वाक्य सांगणाऱ्यांनी ते मनाने रचलेले नव्हते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1960च्या दशकात मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला, तेव्हा मेंदूतल्या बहुतेक पेशींनी त्या डोळ्याला प्रतिसाद देणे सोडून दिले. मोठ्या मांजरात तोच प्रयोग केला तर तसे घडले नाही. या कामासाठी त्यांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि डोळा आळशी होण्याचा काळ लहानपणीचाच असतो हे पक्के झाले. त्यावरून पुढे असे गृहीत धरले गेले की आळशी झालेला डोळा सुधारण्याचा काळही तेवढ्यातच संपतो. हे दुसरे अनुमान पहिल्याइतके भक्कम नाही. चांगल्या डोळ्याची नजर अपघाताने किंवा आजाराने गेलेल्या प्रौढांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे दहा टक्के लोकांच्या आळशी डोळ्याची नजर कोणत्याही उपचाराशिवाय दोन किंवा अधिक ओळींनी वाढलेली आढळली. प्रौढ मेंदूत काही वाव शिल्लक असतो हे यावरून दिसते, आणि नव्वद टक्क्यांच्या बाबतीत तसे झाले नाही हेही त्याच आकड्यात आहे.

वयाच्या मधल्या टप्प्यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला रुग्णांना समजावताना फार उपयोगी पडतो. तो 2005 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात 7 ते 17 वर्षांची पाचशेहून अधिक मुले होती. सर्वांना योग्य चष्मा दिला. निम्म्यांना त्याशिवाय चांगल्या डोळ्यावर दररोज काही तास पट्टी आणि जवळचे काम दिले, लहान वयोगटात चांगला डोळा धूसर करणारे थेंबही दिले. दोन ओळींची सुधारणा झाली तर उपचार लागू पडला असे धरले होते. 7 ते 12 वयोगटात पट्टीने 53 टक्के मुलांना फायदा झाला, नुसत्या चष्म्याने 25 टक्के मुलांना. 13 ते 17 वयोगटात हे आकडे 25 आणि 23 टक्के असे जवळपास सारखे आले. पण या मोठ्या मुलांपैकी ज्यांच्यावर पूर्वी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांचे वेगळे गणित केले तेव्हा पट्टीच्या गटात 47 आणि चष्म्याच्या गटात 20 टक्के असे निघाले. म्हणजे वयाइतकाच ‘आधी काय झाले आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लहानपणी वर्षानुवर्षे पट्टी लावूनही जो डोळा 6/24 वर अडला, त्याच्याकडून तिशीत मी फारशी अपेक्षा ठेवत नाही. ज्या डोळ्याला कधी योग्य भिंगच मिळाले नाही, त्याची गोष्ट वेगळी असते.

म्हणून तपासणीला मी बराच वेळ देतो. नंबर डोळ्यात थेंब घालूनच काढावा लागतो, कारण प्लस नंबर असलेला तरुण डोळा आतले स्नायू आवळून आपला अर्धा नंबर लपवू शकतो आणि यंत्रावर तो कमी दिसतो. नजर मोजताना मी एकेक सुटे अक्षर आणि सलग ओळ असे दोन्ही मोजतो. आळशी डोळ्याला सुटे अक्षर ओळीतल्या अक्षरापेक्षा एक-दोन पायऱ्या चांगले दिसते, शेजारी अक्षरे आली की गोंधळ होतो. हा फरक आढळला तर निदानाला बळकटी येते. बाहुली प्रकाशाला कशी प्रतिसाद देते, रंग नीट ओळखता येतात का, पडदा आणि नस कशी आहे, हे पाहावेच लागते. बाहुलीचा प्रतिसाद ठळकपणे मंद असेल, किंवा रंग फिके दिसत असतील, तर मी आळशी डोळ्याच्या निदानावर थांबत नाही, नसेचा आजार शोधतो. काच शंकूसारखी पुढे येण्याचा विकार आणि पडद्याच्या मध्यभागाचे काही आनुवंशिक आजार लहानपणी ‘आळशी डोळा’ म्हणून फाइलवर लिहिले गेले आणि मोठेपणी खरे कारण सापडले, असे रुग्ण प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने पाहिलेले असतात. ज्या डोळ्यात नंबराचा फरक नाही, तिरळेपणा नाही आणि लहानपणच्या अडथळ्याचा इतिहासही नाही, त्याला आळशी म्हणणे म्हणजे कारण न सापडल्याची कबुली लपवणे होय.

यानंतर पहिला उपचार म्हणजे योग्य भिंग, आणि फक्त भिंग. अनेकांना हे फार साधे वाटते आणि ‘चष्म्याने तर फरकच पडत नाही, लावला काय आणि काढला काय’ असे ते सांगतात. पहिल्या दिवशी तसेच दिसते, कारण पडद्यावरचे चित्र स्पष्ट झाले तरी मेंदूला ते वापरण्याची सवय नसते. ती सवय आठवड्यांत आणि महिन्यांत लागते. मुलांमध्ये नुसत्या चष्म्याने होणारी सुधारणा चार-साडेचार महिने चालू राहते. मोठी मुले आणि प्रौढ यांच्यावरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात गेमचा उपचार सुरू करण्याआधी सर्वांना चोवीस आठवड्यांपर्यंत योग्य चष्मा देऊन ठेवला होता आणि तेवढ्यानेही अनेकांची नजर सुधारली, सरासरी सुमारे एक ओळ. हा टप्पा गाळून कोणी थेट महाग उपचार सुरू केला आणि त्याबरोबर नवा चष्माही दिला, तर चष्म्याने मिळालेली ओळ पॅकेजच्या खात्यात जमा होते.

अडचण अशी की एका डोळ्याला जवळजवळ शून्य आणि दुसऱ्याला प्लस चार असा चष्मा मोठ्या माणसाला सहज पेलत नाही. जाड प्लस भिंगातून वस्तू मोठी दिसते, त्यामुळे दोन डोळ्यांना मिळणाऱ्या चित्रांचे आकार जुळत नाहीत. शिवाय भिंगाच्या मधून पाहिले तर ठीक, पण वाचायला नजर खाली नेली की जाड भिंग प्रकाश वाकवते आणि एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यापेक्षा वर-खाली सरकते. डोके दुखते, जिना उतरताना पायरी चुकल्यासारखे वाटते, आणि चष्मा आठवडाभरात कपाटात जातो. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावरच बसते आणि डोळ्याबरोबर फिरते, म्हणून या दोन्ही अडचणी तिच्यात बऱ्याच कमी होतात. फरक तीन-चार नंबरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर प्रौढ रुग्णाला मी लेन्सच आधी सुचवतो. तुमच्यासारख्या कारखान्यात काम करणाऱ्याला धूळ, तेलाची वाफ आणि हाताची स्वच्छता यांचा विचार करून लेन्स कामाच्या वेळेत घालायची की घरी, हे ठरवावे लागते. तिथे काही जणांना पूर्ण नंबराऐवजी पेलेल इतक्या नंबरापासून सुरुवात करून दर काही आठवड्यांनी तो वाढवत नेलेला चष्मा देतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ओझरजवळच्या एका शाळेतील शिक्षिका, वय 29. दहाव्या-अकराव्या वर्षी शाळेतल्या तपासणीत डावा डोळा कमजोर सापडला, चष्मा मिळाला, तो त्रास होतो म्हणून महिन्याभरात सुटला, पट्टी कधीच लावली नाही. उजव्या डोळ्याची नजर चष्म्याशिवाय 6/6 होती. डाव्या डोळ्याची चष्म्याशिवाय 6/36, म्हणजे सामान्य डोळ्याला जे अक्षर छत्तीस मीटरवरून दिसते ते त्यांना सहा मीटरवरून दिसत होते. थेंब घालून काढलेला डाव्याचा नंबर प्लस 4.25 आला आणि तो लावल्यावर नजर 6/24 पर्यंत, तीही एक-दोन अक्षरे चुकत. सुटी अक्षरे मात्र 6/18 ची ओळखता येत होती. डोळे सरळ होते, बाहुल्या, रंग, पडद्याची छायाचित्रे सगळे व्यवस्थित. लाल-हिरव्या काचा लावून चार दिव्यांची चाचणी घेतली तेव्हा जवळून त्यांना दोन्ही डोळ्यांचे दिवे एकत्र दिसत होते, लांबून डावा डोळा बाद होत होता. दोन्ही डोळे मिळून खोली आणि उठाव जाणवतो का याच्या चाचणीत चित्रातली मोठी माशी उठून दिसली, तिच्या पुढच्या वर्तुळांपैकी एकही नाही.

या माहितीतल्या तीन गोष्टींनी माझी अपेक्षा वाढली: कारण नंबराचे होते, पूर्वी उपचार झालेला नव्हता, आणि दोन डोळे जवळून का होईना एकत्र काम करत होते. डाव्या डोळ्याला प्लस 4.50 ची मऊ लेन्स दिली. चष्म्याचा प्लस नंबर लेन्समध्ये थोडा वाढवावा लागतो, कारण लेन्स डोळ्याच्या अधिक जवळ बसते. जागेपणी शक्य तितके तास ती घालायची, दुसरे काहीही करायचे नाही, एवढेच सांगितले. एका महिन्याने 6/24 ची ओळ स्वच्छ आली. तिसऱ्या महिन्यात 6/18. पाचव्या महिन्यातही 6/18 च होती, म्हणजे नुसत्या लेन्सने जे मिळायचे ते मिळून झाले होते. तेव्हा उजव्या डोळ्यावर संध्याकाळी दोन तास पट्टी सुरू केली, आणि त्या वेळात डाव्या डोळ्याला कष्ट पडतील असे जवळचे काम: वह्या तपासणे, बारीक छपाई वाचणे, कधी भरतकाम. पट्टी लावून नुसता टीव्ही पाहण्याने फारसे साधत नाही, कारण त्यात डोळ्याला बारीक तपशील शोधावा लागत नाही. आणखी तीन महिन्यांनी 6/12 ची ओळ दोन चुकांसह वाचता आली. त्यानंतरच्या दोन तपासण्यांत पुढे काही सरकले नाही, म्हणून पट्टी हळूहळू कमी करत थांबवली. वर्षभराने पाहिले तेव्हा 6/12 टिकून होती, कारण लेन्स त्या नियमित वापरत होत्या, आणि खोलीच्या चाचणीतली पहिली काही वर्तुळेही आता उठून दिसत होती.

रोजच्या जगण्यात काय बदलले असे मी विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की दोन्ही डोळे उघडे असताना विशेष काही नाही. सुईत दोरा ओवणे आणि दुचाकी लावताना अंतराचा अंदाज घेणे थोडे सोपे झाले, आणि उजवा डोळा झाकला तर एसटीच्या बसची पाटी आता डाव्याने वाचता येते. डाव्या डोळ्याने सलग पान वाचायला मात्र अजून वेळ लागतो. आळशी डोळ्याची वाचनाची गती तक्त्यावरच्या ओळींइतकी सुधारत नाही. सात-आठ महिन्यांच्या कष्टाचे हे फळ काहींना थोडे वाटेल, काहींना पुरेसे, आणि तो निर्णय रुग्णाचा असतो.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा, कारण पट्टी स्वस्त आहे, औषधाच्या दुकानात मिळते आणि हे वाचून कोणीही घरी सुरू करील. डोळा तिरळा असलेल्या किंवा लहानपणी तिरळेपणाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढाने ती स्वतःहून लावू नये. तिरळ्या डोळ्याचे चित्र मेंदूने लहानपणी बंद करून टाकलेले असते, म्हणूनच त्या माणसाला एकाच्या जागी दोन वस्तू दिसत नाहीत. पट्टीने किंवा गेमने हा बंदोबस्त सैल केला, पण दोन चित्रे एकावर एक बसवण्याची क्षमता मेंदूत तयार झालेली नसली, तर कायमचे दुहेरी दिसू शकते, आणि ते घालवणे फार कठीण जाते. अशा रुग्णात मी आधी वाढत्या गडदपणाच्या लाल काचांची पट्टी चांगल्या डोळ्यासमोर सरकवत नेऊन कोणत्या काचेला दुहेरी दिसू लागते ते मोजतो. अगदी फिकट काचेलाच दुहेरी दिसले तर बंदोबस्त नाजूक आहे आणि मी उपचार सुरू करत नाही. बऱ्याच गडद काचेपर्यंत काही झाले नाही तर सुरू करून दर काही आठवड्यांनी तीच मोजणी पुन्हा करतो. पट्टी काढल्यावर दोन-चार मिनिटे दुहेरी दिसून जाणे वेगळे. ते तासभर टिकू लागले, किंवा पट्टी नसतानाही अधूनमधून होऊ लागले, तर त्याच दिवशी थांबायचे आणि दाखवायचे. सरळ डोळे आणि निव्वळ नंबराचा फरक असलेल्या रुग्णात हा धोका कमी असतो. पट्टी लावून गाडी चालवणे किंवा यंत्रावर काम करणे अर्थातच कोणीही करायचे नाही.

आता गेमकडे येऊ. बाजारात दोन वेगळ्या कल्पना एकाच नावाने विकल्या जातात. एक म्हणजे आळशी डोळ्याने पडद्यावरचे फिकट, बारीक पट्ट्यांचे ठिपके ओळखण्याचा वारंवार सराव. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात असा सराव केलेल्या प्रौढांची नजर सरासरी दोन ओळींच्या आसपास सुधारली होती. दुसरी कल्पना दोन्ही डोळे एकत्र वापरण्याची: खेळातले काही भाग फक्त आळशी डोळ्याला ठळक दाखवायचे, काही फक्त चांगल्या डोळ्याला मुद्दाम फिके, म्हणजे दोन्ही वापरल्याशिवाय खेळता येत नाही. पडणारे ठोकळे जुळवण्याच्या खेळावर कॅनडात केलेल्या 2013 सालच्या एका छोट्या अभ्यासात याचे निकाल फार आशादायक आले आणि त्यावरच पुढच्या बऱ्याच जाहिराती उभ्या राहिल्या.

पण नंतर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आणि नकली खेळाशी तुलना करून तपासली गेली. वर ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा उल्लेख केला तो हाच, निकाल 2018 सालचा. सात वर्षांच्या मुलांपासून प्रौढांपर्यंत 115 जण, सर्वांचा चष्म्याचा टप्पा आधीच पूर्ण केलेला. निम्म्यांनी खरा खेळ सहा आठवडे रोज तासभर घरी खेळायचा होता, निम्म्यांनी दिसायला तसाच, पण दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवणारा खेळ. दोन्ही गटांत सुधारणा झाली, ती साधारण अर्ध्या ओळीपेक्षा किंचित जास्त, आणि दोन्ही गटांत सारखीच. म्हणजे तो विशिष्ट खेळ, त्या पद्धतीने, नकली खेळापेक्षा सरस ठरला नाही. डोक्यावर चढवायच्या चष्म्यातून किंवा पडद्यावर चित्रपट दाखवून उपचार करणाऱ्या काही यंत्रणांना अमेरिकेत अलीकडे मान्यता मिळाली आहे. त्या मान्यता लहान मुलांसाठी आहेत आणि जाहिरातीत तो तपशील अनेकदा गळतो.

यावरून सगळे गेम निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. पट्टीचा कंटाळा येणाऱ्या रुग्णाला खेळ जास्त दिवस टिकवून धरता येतो आणि टिकून केलेला सराव कामाचा असतो. पण आज उपलब्ध पुराव्यावर प्रौढ रुग्णाने त्यासाठी मोठी रक्कम आगाऊ भरावी असे मला वाटत नाही. भरायचीच असेल तर सुरुवातीची नजर चार-पाच महिने योग्य भिंग वापरून स्थिर झाल्यानंतर मोजलेली असावी, ती सुट्या अक्षरांवर मोजलेली नसून ओळीवर मोजलेली असावी, आणि शेवटची मोजणी पॅकेज विकणाऱ्या केंद्राबाहेर दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या अक्षरांच्या तक्त्यावर व्हावी. तोच तक्ता वारंवार वाचला की अक्षरे पाठ होतात. एका ओळीचा फरक त्या दिवशीच्या थकव्याने आणि अंदाजाने वाचण्याच्या धिटाईनेही पडतो, म्हणून दोन ओळींपेक्षा कमी सुधारणेला मी सुधारणा म्हणत नाही.

बाकीच्या उपचारांबद्दल थोडक्यात. कंपवाताच्या रुग्णांना देतात त्या लेव्होडोपाच्या गोळ्या आपल्याकडे आळशी डोळ्यासाठी बरेच जण लिहून देत असत. 7 ते 12 वर्षांच्या मुलांवरच्या अमेरिकेतील तुलनात्मक अभ्यासात पट्टीबरोबर ती गोळी देऊन साध्या पट्टीपेक्षा जास्त काही हाती लागले नाही, आणि प्रौढांना ती देण्यासारखा आधार मला दिसत नाही. लेझरने नंबर घालवल्याने आळशी डोळा बरा होत नाही. त्याला लेन्स लावून जेवढे दिसते, साधारण तेवढेच लेझरनंतर दिसते. लेन्स अजिबात सहन होत नसलेल्या माणसाला तो भिंगाचा पर्याय ठरू शकतो, इतकेच. तिरळेपणाची शस्त्रक्रिया मोठेपणीही करता येते, डोळे सरळ दिसतात आणि समोरच्याशी नजर मिळवून बोलता येते, पण तिने तक्त्यावरची ओळ वाढत नाही. छिद्रांचा चष्मा, डोळे गरगर फिरवण्याचे व्यायाम आणि नेत्रधौती यांनी मेंदूतली जोडणी बदलत नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. थेंब घालून नंबर आणि पडदा-नसेसह पूर्ण तपासणी, तिरळेपणाची आणि दोन्ही डोळे एकत्र चालतात का याची मोजणी, ती करायला ऑर्थोप्टिक विभाग असलेले ठिकाण निवडावे. मग योग्य लेन्स किंवा चष्मा, सुधारणा थांबेपर्यंत. दर सहा ते आठ आठवड्यांनी नजर पाहायची आणि सलग दोन वेळा तीच आली की पुढचा टप्पा, म्हणजे सुरक्षित असेल तर पट्टी आणि जवळचे काम. गेमचा विचार त्यानंतर. लहानपणी पट्टी लावली होती का, किती दिवस, हे आईवडिलांना विचारून जा, जुना चष्मा किंवा कागद सापडला तर बरोबर न्या. ती माहिती अंदाज बांधायला माझ्या यंत्रांपेक्षा जास्त कामी येते. आणखी एक: मोठेपणी आळशी डोळा आपणहून आणखी बिघडत नाही. डाव्या डोळ्याची नजर गेल्या काही महिन्यांत कमी झाल्यासारखी वाटत असेल तर त्याचे कारण दुसरे आहे आणि ते शोधायला हवे.

नजर सुधारो वा न सुधारो, कारखान्यात काम करणाऱ्याने एक गोष्ट या आठवड्यातच करावी. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून ग्राइंडिंगचा कण किंवा तुटलेल्या टूलचा तुकडा डोळ्यात गेलेले कामगार आमच्याकडे नेहमी येतात, आणि द्राक्षबागेतून छाटणीच्या किंवा बांधणीच्या वेळी काडी अथवा तार लागलेले शेतकरी. दोन चांगले डोळे असणाऱ्याला त्यातला एक गेला तरी दुसरा पुरतो. तुमचा उजवा डोळा गेला तर उरेल तो डावा, आज जितका दिसतो तितकाच. म्हणून कामावर असताना बाजूनेही झाकणारा, पॉलिकार्बोनेट भिंगाचा सुरक्षा चष्मा वापरा, उजव्याला नंबर नसला तरी वापरा. रोजचा चष्मा करतानाही दोन्ही भिंगे पॉलिकार्बोनेटचीच मागा. काच किंवा साधे प्लास्टिक फुटून डोळ्यात जाऊ शकते, हे सहजासहजी फुटत नाही. कंपनीतून मिळणारा सैल गॉगल नाकावरून घसरतो म्हणून कपाळावर सरकवून ठेवला जातो, तेव्हा चेहऱ्यावर नीट बसेल असा स्वतः पाहून घ्या आणि आत तुमच्या डाव्या डोळ्याच्या नंबराचे भिंग बसवता येते का तेही विचारा.